गाडी समोर की गाडीसमोर? शब्दांच्या आठ जाती ओळखायची माझी पद्धत

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे, भाचीला घ्यायला नागपुरात बर्डीला गेलो होतो. गाडी मोरभवनच्या बाजूच्या गल्लीत लावली आणि मी मेट्रो स्टेशनच्या गेटवर जाऊन उभा राहिलो, तेवढ्यात तिचा मेसेज आला, "मामा गाडी समोर उभी आहे". मला वाटलं हिचे बाबाच आले वाटते गाडी घेऊन आणि समोर कुठंतरी उभी केली, म्हणून मी त्या उन्हात रस्त्याच्या पलीकडल्या सगळ्या गाड्या बघत फिरून राहिलो. दहा मिनिटांनी फोन लावला तर ही म्हणते, "अहो मामा, मी तुमच्या गाडीसमोर उभी आहे ना, केव्हाची!"

आता बघा, चूक एका स्पेसची होती. 'गाडी समोर उभी आहे' यात गाडी उभी आहे, 'गाडीसमोर उभी आहे' यात भाची उभी आहे. गाडी पण स्त्रीलिंगी, भाची पण स्त्रीलिंगी, 'मी' तिनं लिहिलाच नव्हता आणि 'आहे' दोघींनाही चालतं, त्यामुळं वाक्यात धरायला काहीच उरलं नाही. पहिल्या वाक्यातला 'समोर' क्रियाविशेषण आहे, दुसऱ्यातला शब्दयोगी. घरी स्पर्धा परीक्षेची पोरं व्याकरण शिकायला येतात, त्यांचे सगळ्यात जास्त मार्क नेमके इथंच जातात, आणि त्यातही जे इंग्लिश मीडियममधून आले ते हमखास गडबडतात. म्हणून या लेखात आठही जाती येतील, पण मी रेंगाळणार आहे ते शब्दयोगी आणि उभयान्वयीपाशी.

आधी आठांची नावं, पटकन

नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे चार विकारी, म्हणजे लिंग, वचन, विभक्ती, काळ यांच्यामुळं ज्यांचं रूप बदलतं ते. क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी हे चार अविकारी, यांनाच अव्ययं म्हणतात. इंग्लिशच्या बाजूला नाउन, प्रोनाउन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब, ॲडव्हर्ब, प्रीपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शन. आठास आठ, एकाखाली एक ठेवले की जोड्या अगदी छान जुळतात आणि पोरं तेच पाठ करतात.

ह्या जोड्या इतक्या छान जुळतात याला कारण आहे. आपल्याकडची जुनी विभागणी आठांची नाहीच, यास्काच्या निरुक्तात चारच आहेत: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण मराठीत लिहिलं तेव्हा समोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता, आणि पुढं शाळेच्या पुस्तकांतून हाच आठ जातींचा साचा पक्का झाला. १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचं शास्त्रीय मराठी व्याकरण आलं, त्यात या सगळ्याची लय बारीक चिरफाड आहे. सांगायचा मुद्दा एवढाच की खण तेच आहेत पण आतला माल सारखा नाही, आणि सगळ्यात जास्त फरक प्रीपोझिशन अन् कंजंक्शनच्या खणात आहे.

पहिली पायरी: शब्द एकटा बघायचा नाही

"वर ही कोणती जात?" असं कोणी विचारलं तर उत्तर देऊ नका, वाक्य मागा. 'तू वर ये' यात वर क्रियाविशेषण, येण्याची जागा सांगतो. 'तू गच्चीवर ये' यात शब्दयोगी. 'मुलीसाठी वर शोधून राहिले' यात तर सरळ नाम. इंग्लिशमध्येही असंच आहे, जात वाक्यातल्या कामावरून ठरते, डिक्शनरीतल्या जागेवरून नाही. इथपर्यंत दोन्ही भाषा सोबत चालतात.

विकारी चौघांवर फार वेळ घालवायची गरज नाही, ते दिसतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, 'विकारी' हे लेबल पूर्ण जातीला आहे, प्रत्येक शब्दाला नाही. 'चांगला, चांगली, चांगले' बदलतं, 'गरम' किंवा 'सुंदर' बदलत नाही, तरी दोघंही विशेषणच. उलटही होतं. 'पोरगा चांगला खेळतो, पोरगी चांगली खेळते' यात चांगला हा खेळण्याबद्दल सांगतो, इंग्लिशमध्ये इथं गुड नाही तर वेल लागेल, म्हणजे काम क्रियाविशेषणाचं, पण बापा रूप तर बदललं! म्हणून काही पुस्तकं 'क्रियाविशेषण' आणि 'क्रियाविशेषण अव्यय' अशी दोन वेगळी नावं वापरतात, जो बदलत नाही तोच अव्यय. परीक्षेत पर्यायांमध्ये दोन्ही दिसले तर हा फरक कामात येतो.

दुसरी पायरी: चिकटलाय का ते बघा

शब्दयोगीची खूण ही की तो मागच्या शब्दाला चिकटतो आणि चिकटताना त्या शब्दाला वाकवतो. ह्या वाकलेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. झाड, झाडाखाली. शाळा, शाळेसमोर. पाऊस, पावसामुळे. फुटाळा, फुटाळ्याजवळ. इंग्लिशमध्ये प्रीपोझिशन नामाच्या आधी सुट्टं उभं राहतं आणि नामाला हातही लावत नाही: अंडर द ट्री, निअर द स्कूल. आपल्याकडे ते मागून येतं, जोडून लिहायचं असतं आणि नामाचं रूप बदलतं. इंग्लिशमधून मराठी व्याकरण शिकवणारे याला पोस्टपोझिशन म्हणतात ते यामुळंच.

आता 'शाळा समोर आहे' आणि 'शाळेसमोर आहे' हे एकमेकांशेजारी ठेवा. पहिल्यात शाळा वाकली नाही, म्हणजे समोर तिला चिकटलेला नाही, तो क्रियाविशेषण आणि शाळाच समोर आहे. दुसऱ्यात शाळा वाकली, म्हणजे समोर शब्दयोगी आणि शाळेच्या समोर दुसरंच काहीतरी आहे. कोणी 'शाळे समोर' असं स्पेस देऊन टाइप केलं तरी 'शाळे' या रूपावरून आपल्याला कळतं, लिहायची चूक असली तरी अर्थ वाचतो.

पण 'गाडी'? गाडीला, गाडीनं, गाडीसमोर, एकवचनात सामान्यरूप गाडीच राहतं, वाकल्याचं दिसतच नाही. ई-कारांत स्त्रीलिंगी शब्दांचं बरंचसं असंच आहे, आणि 'बस', 'ट्रक', 'स्टेशन' असल्या उसन्या शब्दांना तर लोक आजकाल वाकवतच नाहीत, स्टेशनासमोर कोण म्हणतं, सगळे स्टेशनसमोरच म्हणतात. अशा जागी फक्त स्पेसवर सगळा भार येतो आणि मोबाइलवर टाइप करणाऱ्याचा स्पेसवर काही भरवसा नसतो.

अशा वेळी मी पोरांना एक युक्ती सांगतो, नामाच्या जागी सर्वनाम टाका. सर्वनाम लपू शकत नाही. 'गाडी समोर आहे' म्हणजे 'ती समोर आहे' की 'तिच्यासमोर आहे'? ती बसलं तर क्रियाविशेषण, तिच्या लागलं तर शब्दयोगी. मी, माझ्यासमोर. तू, तुझ्याजवळ. तो, त्याच्यामागे. बहुतेक शब्दयोगी लागताना सर्वनाम असं माझ्या-तुझ्या-तिच्या होतं, आणि हे मराठी बोलणाऱ्या पोराला शिकवावं लागत नाही, कानाला आपोआप कळतं.

हा घोळ सगळ्या शब्दयोगींसोबत होत नाही बरं. वर, खाली, मागे, पुढे, समोर, जवळ, आत, बाहेर, आधी, नंतर हे जागा-वेळ सांगणारे शब्द दोन्ही नोकऱ्या करतात, म्हणून त्यांच्यापाशी थांबून तपासायचं. साठी, मुळे, पाशी, पर्यंत, विषयी यांना एकट्यानं उभंच राहता येत नाही, 'तो पाशी बसला' असं कोणी म्हणत नाही, म्हणून ते दिसले की डोळे मिटून शब्दयोगी.

मधेच एक अडचण: इन, टू, फ्रॉम कुठं गेले?

इंग्लिशवाले इथं हमखास अडकतात. 'इन नागपूर'मध्ये इन प्रीपोझिशन आहे, मग 'नागपुरात' मधला 'त' शब्दयोगी का नाही? कारण तो विभक्तीचा प्रत्यय आहे, आठ जातींमध्ये त्याला जागाच नाही, तो शब्द नाही तर नामाच्या रूपाचा तुकडा आहे. ला, ने, शी, हून, चा-ची-चे, त हे सगळे असेच. म्हणजे इंग्लिशचं एक प्रीपोझिशनचं खातं मराठीत दोन ठिकाणी वाटलं जातं, थोडं विभक्तीकडं आणि थोडं शब्दयोगीकडं. 'फ्रॉम नागपूर' म्हणजे नागपूरहून, तो प्रत्यय. 'फॉर नागपूर' म्हणजे नागपूरसाठी, तो शब्दयोगी. चिकटतात दोघंही, सामान्यरूपही दोघांना लागतं, मग वेगळं कसं करायचं? मला विचाराल तर दिसण्यावरून पक्कं वेगळं करता येत नाही, प्रत्ययांची यादी छोटी आहे ती पाठच असू द्या, यादीबाहेरचं जे काही चिकटलं ते शब्दयोगी.

आणि चिकटणाऱ्यांमध्ये एक छोटी टोळी अशी आहे जी वाकवत नाही: च, ही, सुद्धा, देखील, पण, मात्र. मुलगाही, घोडासुद्धा, तूच. घोडा इथं घोड्या झाला नाही. यांना शुद्ध शब्दयोगी म्हणतात. इंग्लिशमध्ये यांचं काम ऑल्सो, इव्हन, ओन्ली करतात आणि ते तिकडं ॲडव्हर्ब असतात, प्रीपोझिशन नाही. म्हणून 'ही'चं भाषांतर ऑल्सो, ऑल्सो म्हणजे ॲडव्हर्ब, सबब 'ही' क्रियाविशेषण, असं गणित मांडलं की मार्क गेला.

तिसरी पायरी: जोडतो कोणाला?

उभयान्वयी दोन शब्द किंवा दोन वाक्यं जोडतो आणि कोणालाही वाकवत नाही, चिकटतही नाही. आणि, व, किंवा, पण, म्हणून, कारण, की, जर-तर. तपासायची रीत सोपी, तो काढून टाका. 'पोहे खाल्ले आणि चहा घेतला' यातून आणि काढा, दोन पूर्ण वाक्यं सुट्टी होऊन पडतात. शब्दयोगी काढलात तर असं होत नाही, 'पावसा रस्ता जाम झाला' असं लुळं काहीतरी उरतं.

यात सगळ्यात जास्त फसवतो तो 'पण'. 'तू पण चल' आणि 'तू चल, पण लवकर'. पहिल्या जागी 'सुद्धा' टाकून बघा, बसतो, म्हणजे शुद्ध शब्दयोगी. दुसऱ्या जागी 'परंतु' बसतो, म्हणजे उभयान्वयी. पहिला खरं तर 'तूपण' असा जोडून लिहायला पाहिजे, पण कोण लिहितं.

'की' त्याहून मजेदार आहे, तो उभयान्वयीच राहतो पण पोटजात बदलत जातो. 'चहा घेतो की ताक?' विकल्पबोधक, इंग्लिशमध्ये ऑर. 'ती म्हणाली की उशीर होईल' स्वरूपबोधक, इंग्लिशमध्ये दॅट. 'पाऊस आला की लाइन जाते' संकेतबोधक, तिथं इंग्लिशला व्हेन किंवा ॲज सून ॲज लागतं. पोटजात ओळखायला इंग्लिश इथं उपयोगाला येते, तीन वेगळे शब्द निघाले म्हणजे तीन वेगळी कामं आहेत.

आता खरी मेख. इंग्लिशमध्ये बिफोर तीन जातींत फिरतो. 'मी आधी आलो' मधला बिफोर ॲडव्हर्ब. 'जेवणाआधी' मधला प्रीपोझिशन. 'तो येण्याआधी', इंग्लिशमध्ये बिफोर ही केम, तिथं कंजंक्शन, कारण पुढं पूर्ण वाक्य आहे. पोरं तिसऱ्या 'आधी'ला पण उभयान्वयी लिहून मोकळी होतात. पण मराठीत तिथं दुसरं वाक्य आहे कुठं? 'येणे' हे क्रियापदापासून झालेलं नाम आहे, त्याचं सामान्यरूप येण्या, त्याला आधी चिकटला. चिकटला आणि वाकवलं म्हणजे शब्दयोगी, झालं. 'तो गेल्यावर', 'पाऊस थांबेपर्यंत', 'तू सांगितल्यामुळे', या सगळ्या जागी इंग्लिश कंजंक्शन वापरते आणि मराठी क्रियापदाचं धातुसाधित करून त्याला शब्दयोगी लावते. इंग्लिश जिथं दोन वाक्यं जोडते तिथं मराठीला एकच वाक्य पुरतं. हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या चुका जातात.

मराठीला दुसरा रस्ताही आहे. 'पाऊस आल्यामुळं रस्ता जाम झाला' यात शब्दयोगी, एकच वाक्य. 'पाऊस आला म्हणून रस्ता जाम झाला' यात उभयान्वयी, दोन वाक्यं. 'रस्ता जाम झाला, कारण पाऊस आला' हेही उभयान्वयी, पण कारण नेहमी मधे येतो. 'कारण पाऊस आला, रस्ता जाम झाला' हे इंग्लिशच्या बिकॉजची नक्कल आहे, आजकाल बातम्यांमध्ये पण वाचायला मिळतं, मला तर ते दातात खडा आल्यासारखं लागतं. बाकी 'उशिराचं कारण सांग' यात कारण नाम आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आणखी एक जोडी बघून ठेवा: 'त्यामुळे' आणि 'त्याच्यामुळे'. 'त्याच्यामुळे उशीर झाला' म्हणजे त्या माणसामुळं, सर्वनामाला लागलेला शब्दयोगी. 'पाऊस आला, त्यामुळे उशीर झाला' यात घडण तीच, त्या अधिक मुळे, पण पूर्ण शब्द मिळून आता दोन वाक्यं जोडून राहिला, म्हणून काम उभयान्वयीचं. घडण विचारली का काम विचारलं, प्रश्न नीट वाचा.

एक पूर्ण वाक्य सोडवून बघू

"अबे, काल पावसामुळं बर्डीवर रस्ता जाम झाला आणि आम्ही फुटाळ्याजवळ दोन तास अडकलो, पण पोहे मात्र गरमच मिळाले."

'अबे' केवलप्रयोगी, वाक्यातल्या कोणाशीच त्याचं नातं नाही, इंग्लिशचं इंटरजेक्शन. या जातीत दोन्ही भाषांचं भांडण नाही. 'काल' काळ सांगणारं क्रियाविशेषण. 'पावसामुळं' मध्ये पाऊस नाम, वाकून पावसा झालं, मुळं शब्दयोगी, इंग्लिशमध्ये इथं बिकॉज ऑफ हे दोन शब्दांचं प्रीपोझिशन येईल. 'बर्डीवर' मध्ये बर्डी वाकलेली दिसत नाही, मग युक्ती लावा, सर्वनाम टाकून 'तिच्यावर' होतं, 'ती वर' होत नाही, म्हणून वर शब्दयोगी. 'रस्ता' नाम, 'जाम' विशेषण, 'झाला' क्रियापद. इंग्लिशमध्ये रोडच्या आधी 'द' लागला असता, जो तिकडं जुन्या पद्धतीनं ॲडजेक्टिव्हमध्ये मोजतात, मराठीत त्या जागी काहीच नाही.

'आणि' उभयान्वयी, काढला तर दोन वाक्यं सुट्टी होतात. 'आम्ही' सर्वनाम. 'फुटाळ्याजवळ' मध्ये फुटाळा वाकला, जवळ शब्दयोगी. 'दोन' संख्याविशेषण, 'तास' नाम, आणि इंग्लिशचं फॉर टू अवर्समधलं फॉर मराठीत पूर्ण गायब आहे, ते शोधत बसू नका. 'अडकलो' क्रियापद. 'पण'च्या जागी परंतु बसतो, उभयान्वयी. 'पोहे' नाम, 'गरम' विशेषण, 'मिळाले' क्रियापद. उरले 'मात्र' आणि 'च'. मात्र सुट्टा लिहिलाय, म्हणून पोरं त्याला उभयान्वयी म्हणतात, पण इथं जोडायचं काम 'पण'नं आधीच केलंय, मात्र फक्त पोह्यांवर जोर देतो, म्हणून तो आणि च दोघंही शुद्ध शब्दयोगी. 'आम्ही अडकलो, मात्र पोहे मिळाले' असं लिहिलं असतं तर तोच मात्र उभयान्वयी झाला असता.

भाचीला हे सगळं त्या दिवशी गाडीतच समजावलं, एसी लावून. तिनं ऐकून घेतलं, सर्वनामाची युक्ती पण करून पाहिली, आणि तेव्हापासून ती 'गाडीपाशी आहे' असं लिहिते, कारण पाशीला स्पेस दिला काय अन् नाही दिला काय, तो एकटा उभाच राहू शकत नाही.